‘सर्वधर्मान् परित्यज्य’: एका शब्दाचे संपादन आणि त्यामागचा इतिहास

गीतेच्या इंग्रजी भाषांतरांवरचा एक मराठी शोधनिबंध माझ्याकडे संपादनाला आला होता. त्यात एक वाक्य होते: ‘विल्किन्स यांनी या चरणाचे भाषांतर “इतर सर्व धर्म सोडून दे” असे केले.’ व्याकरण ठीक, शुद्धलेखनही ठीक. तरीही ते वाक्य तसेच छापले असते, तर निबंधाचा मुख्य मुद्दाच गेला असता.

चरण अठराव्या अध्यायातल्या सहासष्टाव्या श्लोकातला. चार्ल्स विल्किन्स यांचे इंग्रजी भाषांतर 1785 मध्ये लंडनला छापले गेले. तिथे त्यांनी ‘धर्म’ला ‘रिलिजन’ म्हटले आणि ‘सर्व’च्या जोडीला ‘अदर’, म्हणजे ‘इतर’, हा शब्द स्वतःच घातला. संस्कृतात ‘अन्य’ नाही. त्या एका भरीमुळे श्रीकृष्ण जणू बाकीचे पंथ टाकून आपल्या पंथात यायला सांगतो आहे, असा वाचकाचा समज होतो. 1882 मध्ये मुंबईचे काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी मॅक्स म्युलर यांच्या ग्रंथमालेसाठी गीता इंग्रजीत आणली, तेव्हा याच जागी त्यांनी ‘ऑल ड्यूटीज’ लिहिले. ‘इतर’ गेले, रिलिजनही गेले.

आता हे दोन्ही मराठीत सांगायचे आहे. ‘रिलिजन’ला आपण सहज ‘धर्म’ म्हणतो, कारण एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांचे लेखन, शाळेची पुस्तके आणि जनगणनेचे रकाने यांतून हा अर्थ आपल्या रोजच्या भाषेत पक्का बसला. त्यामुळे इंग्रजीत जो बदल डोळ्यांत भरतो, तो मराठीत परत आणताना दिसेनासा होतो: मूळ शब्द धर्म, भाषांतरही धर्म, मग वाद कशाचा? ही अडचण इंग्रजी संपादकाला येत नाही. म्हणून मी लेखिकेला सुचवले की विल्किन्स यांचा शब्द ‘रिलिजन’ असाच देवनागरीत ठेवावा, तेलंगांचा ‘ड्यूटीज’ तसाच ठेवावा आणि मराठी अर्थ आपल्या वाक्यात, अवतरणाबाहेर सांगावा.

दुसरा मोह एकसारखेपणाचा. एका पारिभाषिक शब्दाला सगळीकडे एकच प्रतिशब्द हवा, असे आम्हा संपादकांच्या हाडीमाशी खिळलेले असते. हा वादही जुना आहे. जर्मन संस्कृतज्ञ श्लेगेल यांनी 1823 मध्ये गीता लॅटिनमध्ये आणली तेव्हा धर्म या शब्दासाठी जागेनुसार निरनिराळे शब्द वापरले. फ्रेंच अभ्यासक लांग्लवा यांनी त्यावर आक्षेप घेतला. जर्मन भाषाशास्त्रज्ञ हुंबोल्ट मात्र श्लेगेल यांच्या बाजूने उभे राहिले. मला हुंबोल्ट यांचे पटते. धर्मक्षेत्र, कुलधर्म, स्वधर्म आणि ‘सर्वधर्मान्’ या चार जागी एकच शब्द चालवून पाहा. लेखिकेने आपल्या विवेचनात ‘धर्म’च्या जागी ‘कर्तव्य’ घ्यायचे ठरवले होते आणि पूर्ण फाइलवर एकदाच बदल चालवला होता. धर्मक्षेत्राचे ‘कर्तव्यक्षेत्र’ झाले, आणि एका तळटीपेत धर्मांतराचे ‘कर्तव्यांतर’! असा शब्द दिसला की समजावे, बाकीच्या जागाही हाताने तपासाव्या लागणार. तपासताना अवतरणे आधी बाजूला काढावीत. त्यांतला एकही शब्द आपण बदलायचा नाही. मग लेखिकेच्या स्वतःच्या वाक्यांत प्रत्येक ‘धर्म’पुढे विचारावे: हा संस्कृत श्लोकातला शब्द आहे, भाषांतरकाराचा अर्थ आहे, की आजचा ‘हिंदू धर्म’मधला धर्म? पहिल्या प्रकाराला आम्ही एकेरी अवतरणचिन्ह दिले. तिरपा टाइप देवनागरीत नीट उठत नाही.

‘कर्तव्य’ हाच बरोबर अर्थ, असे संपादकाने ठरवू नये, कारण भाष्यकारांतही एकमत नाही. शंकराचार्य म्हणतात, इथे धर्म शब्दात अधर्मही आला, कारण नैष्कर्म्य, म्हणजे सर्व कर्मांचा संन्यास, सांगायचे आहे. रामानुजांना कर्म, ज्ञान आणि भक्ती हे योगच इथले धर्म वाटतात, आणि त्याग त्यांच्या फळाचा व कर्तेपणाचा. ज्ञानेश्वर अज्ञानातून जन्मलेले धर्मादिक ज्ञानाने सांडायला सांगतात. ‘गीतारहस्या’त (1915) टिळक पारलौकिक धर्म आणि व्यवहारातला धर्म वेगळे करूनच पुढे जातात. निबंध ज्या परंपरेबद्दल बोलत असेल, तिचाच अर्थ त्या परिच्छेदात हवा, आणि कोणाचा आहे ते तिथल्या तिथे सांगायला हवे.

त्या निबंधाच्या शेवटच्या भागात डॉ. आंबेडकरांच्या 1957 च्या ग्रंथाचा संदर्भ होता. मुद्रितशोधकाने तिथला ‘धम्म’ प्रत्येक ठिकाणी ‘धर्म’ केला होता. त्याला ती टंकनातली चूक वाटली. बाबासाहेबांनी त्या ग्रंथात धम्म हा रिलिजनपासून वेगळा करून मांडला आहे. तो पालीतला म्म आम्ही एकेका ओळीवर बोट ठेवून परत बसवला.