मे २०२२ ची अचानक दरवाढ: पार्श्वभूमी

१९९४ पर्यंत अमेरिकेची मध्यवर्ती बँक व्याजदराचा निर्णय जाहीरही करत नसे. बाजारातल्या व्यवहारांवरून तो ओळखावा लागे. आपल्याकडे २०१६ मध्ये व्याजदर ठरवणारी रिझर्व्ह बँकेची सहा सदस्यांची पतधोरण समिती आली आणि बैठकीनंतर चौदाव्या दिवशी इतिवृत्त प्रसिद्ध करणे कायद्यानेच बंधनकारक झाले. कोणी कसे मत दिले आणि का, हे त्यात सदस्यवार असते.

तरीही ४ मे २०२२ घडले. ८ एप्रिलच्या बैठकीत रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, ४ टक्क्यांवर कायम होता. २२ एप्रिलला आलेल्या इतिवृत्तात महागाईची चिंता होती, पण दोन आठवड्यांत दर वाढेल असे सुचवणारे काही नव्हते. पुढची बैठक जूनमध्ये होती. अशात ४ मेच्या दुपारी, वेळापत्रकाबाहेर, रेपो ४० बेसिस पॉइंटने, म्हणजे ०.४० टक्क्याने, वाढून ४.४० टक्के झाला. सीआरआर, म्हणजे बँकांना ठेवींतला जो हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो तो, हाही अर्ध्या टक्क्याने वाढला. सेन्सेक्स तेराशेहून अधिक अंशांनी कोसळला आणि दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा यील्ड, म्हणजे बाजारभावाने घेतल्यास मिळणारा वार्षिक परतावा, एका दिवसात सुमारे पाव टक्क्याने चढला.

पाव टक्का किरकोळ वाटतो. पण अशा रोख्याची किंमत यील्डमधल्या एका टक्क्याच्या बदलाला साधारण सात टक्क्यांनी उलट दिशेने हलते. म्हणजे शंभर कोटींचे रोखे धरून बसलेल्याला दुपारभरात पावणेदोन कोटींचा फटका. रोख्याच्या भावात पुढच्या काही वर्षांच्या अपेक्षित व्याजदरांचा अंदाज आधीच मिसळलेला असतो. त्यामुळे अपेक्षित निर्णयाने भाव फारसा हलत नाही. अंदाज आणि निर्णय यांतली तफावत त्याला हलवते. डिसेंबर २०१६ मध्ये दर जैसे थे राहिला तरी यील्ड उसळला, कारण बाजाराने कपात गृहीत धरली होती.

मेच्या निर्णयाचे समर्थन असे होते: एप्रिलच्या बैठकीनंतर आलेला मार्चचा महागाईदर ६.९५ टक्के होता, थांबणे महागात पडले असते. आकडा चिंताजनक होता हे खरे. पण एप्रिलमध्येच सूर बदलता आला असता, आणि ती संधी दवडली गेली हे मान्य करायला हवे. महिनाभरात मत एवढे पालटले, तर समितीच्या पुढच्या शब्दावर किती विसंबायचे, हा प्रश्न बाजाराने त्या दिवशी भावात धरला. शेअरपेक्षा रोख्यांना तो जास्त झोंबला.

१८ मेच्या इतिवृत्तात एका बाह्य सदस्याने लिहिले की लवकरच शंभराहून अधिक बेसिस पॉइंटची वाढ लागेल. त्याचा कल ५० कडे होता, पण दहाच्या फरकासाठी त्याने विरोधी मत नोंदवले नाही. त्याच महिन्यात जूनमध्येही वाढ होणार हे उघडपणे सांगितले गेले. ८ जूनला ५० बेसिस पॉइंटची, म्हणजे मेपेक्षा मोठी वाढ झाली. दहा वर्षांचा यील्ड त्या दिवशी किंचित खालीच बंद झाला.