चोकोबारचे दोन डाग

माझ्या मुलीने परवा सोफ्यावर बसून चोकोबार खाल्ला. सुती फ्रॉकवर दोन डाग पडले, एक तपकिरी आणि एक पांढरट. दोन्ही चिकट दिसत असले तरी दोन्हींना एकच उपाय चालत नाही.

आइस्क्रीमच्या डागात मुख्यतः दुधातली प्रथिनं, साय आणि साखर असते. प्रथिनं गरम पाण्याने धाग्यात घट्ट बसतात, म्हणून या डागाला सुरुवातीला फक्त गार पाणी द्यायचं. चॉकलेटमध्ये कोकोची चरबी असते. ती साधारण ३४ अंशांना वितळते, म्हणजे नुसत्या बोटाच्या उबेनेही पसरते. शिवाय कोकोचा तपकिरी रंग असतो, आणि चरबी निघाली तरी तो मागे राहतो.

फ्रॉकवर मी आधी बर्फाचा खडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून चॉकलेटवर धरला. ते कडक झाल्यावर चमच्याच्या कडेने अलगद खरवडलं. मग फ्रॉक उलटा करून दोन्ही डागांवर मागच्या बाजूने गार पाणी सोडलं, म्हणजे घाण आली त्याच वाटेने बाहेर पडते. पांढरट डागाला एन्झाइमवाला डिटर्जंट लावून अर्धा तास ठेवला, तेवढ्यात तो गेला. तपकिरी डागावर आधी भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब चोळले आणि गार पाण्याने धुतलं. मिल्क चॉकलेटमध्येही दूध असतं, म्हणून त्यालाही तोच डिटर्जंट अर्धा तास लावला आणि कोमट पाणी त्यानंतरच वापरलं. एवढं करूनही फिकट तपकिरी छटा उरली, तर ऑक्सिजन ब्लीच पाकिटावरच्या प्रमाणात घ्यावं, पण आधी शिवणीच्या आत कपड्याचा रंग जातो का ते पाहावं. रेशमी परकर किंवा लोकरी स्वेटर असेल तर एन्झाइम आणि हे ब्लीच दोन्ही टाळा. एन्झाइम दुधाचं प्रथिन तोडतं, तसा रेशमाचा आणि लोकरीचा धागाही खातं.

सोफ्याची गोष्ट वेगळी, कारण त्याला पिळता येत नाही. तिथे आइस्क्रीमच जास्त त्रास देतं. चॉकलेट वर बसून राहतं, पण वितळलेलं दूध फोममध्ये उतरतं आणि दोन दिवसांनी आंबूस वास येऊ लागतो. म्हणून घासायचं नाही, सुती फडक्याने दाबून टिपायचं. वाटीभर गार पाण्यात चमचाभर लिक्विड घालून त्याचा फेस तेवढा फडक्यावर घ्यायचा आणि डागाच्या कडेकडून मध्याकडे यायचं. मग साध्या ओल्या फडक्याने साबण टिपून काढायचा. तो राहिला तर तिथे पुन्हा धूळ चिकटते. शेवटी पंख्याखाली पूर्ण वाळवायचं. कापड पाण्याने खराब होईल अशी शंका असेल, तर हे आधी सोफ्याच्या मागे करून पाहायचं.

फ्रॉक वाळल्यावर इस्त्रीपूर्वी डागाच्या जागी पाण्याचा थेंब टाकून पाहा. बाकीच्या कापडात थेंब लगेच मुरतो आणि त्या जागी मात्र गोल राहतो, तर चरबी अजून आहे. पुन्हा लिक्विड लावा, इस्त्री नंतर.