दोघांचा स्टार्टअप: प्रोप्रायटरशिप, एलएलपी की प्रायव्हेट लिमिटेड, आणि अर्ज नेमका कुठे अडतो

नोंदणीचा सल्ला विचारायला येणाऱ्या जोड्यांपैकी बऱ्याच जणांच्या हातात ‘उद्यम’ प्रमाणपत्र, शॉप ॲक्टची पावती आणि चालू खात्याचे चेकबुक आधीच असते, आणि ही तिन्ही कागदपत्रे एकाच्याच नावावर असतात. दुसरा शेजारी बसून ‘आम्ही दोघे पार्टनर आहोत’ असे सांगतो. त्याने दिलेले दोन-तीन लाख रुपये मात्र वहीत कुठेही भांडवल म्हणून नोंदवलेले नसतात.

पहिला घोटाळा येथेच होतो. प्रोप्रायटरशिप ही संस्थाच नव्हे, ते त्या एका माणसाचेच दुसरे नाव आहे. पॅन त्याचा, जीएसटी त्याच्या पॅनवर, कर्ज त्याच्या नावावर आणि ब्रँडच्या नावाचा ट्रेडमार्क अर्जही बहुधा त्याचाच. दोघांनी नफा वाटून घ्यायचे ठरवून मिळून धंदा केला, तर १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार ती भागीदारी ठरू शकते, मग करार लिहिलेला असो वा नसो. अशा भागीदारीत धंद्याच्या सगळ्या देण्याला दोघेही आपल्या खासगी मालमत्तेसह जबाबदार असतात. म्हणजे जबाबदारी दोघांवर येते, पण दुसऱ्याने हक्क सांगायचा म्हटला तर त्याच्याकडे दाखवायला कागद नसतो. दोघांपैकी एकजण खरोखरच पगारी मदतनीस असेल तरच प्रोप्रायटरशिप ठीक आहे. पुढे कंपनी करायची ठरली तर जीएसटी क्रमांक आपोआप बदलून येत नाही. नव्या पॅनवर नवी नोंदणी घ्यावी लागते, खरेदीवर भरलेल्या जीएसटीचे शिल्लक क्रेडिट वेगळ्या फॉर्मने हलवावे लागते आणि परवाने पुन्हा काढावे लागतात. ‘आधी स्वस्तात सुरू करू, मग बघू’ असे म्हणणाऱ्यांनी हा खर्चही हिशोबात धरावा. केंद्र सरकारची ‘स्टार्टअप’ म्हणून मान्यता तर प्रोप्रायटरशिपला मिळतच नाही.

उरतात एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, आणि प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. दोन्हींत किमान दोन माणसे लागतात, दोन्ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती आहेत, आणि कंपनी किंवा एलएलपी बुडाली म्हणून एरवी तुमच्या घरावर कोणी हक्क सांगू शकत नाही. बँकेला वैयक्तिक हमी दिली असेल तर मात्र हे संरक्षण त्या कर्जापुरते कामी येत नाही, आणि नव्या उद्योगाकडून बँक ती हमी मागतेच. खरा फरक दोन ठिकाणी आहे. एलएलपीत शेअर नसतात, त्यामुळे शेअर घेऊन पैसे गुंतवणारा माणूस तिच्याकडे सहसा फिरकत नाही आणि कर्मचाऱ्यांना शेअर देण्याची योजनाही तिथे आखता येत नाही. दुसरे असे, की कंपनीला एका रुपयाचाही धंदा झाला नाही तरी लेखापरीक्षण करावेच लागते. एलएलपीला ते उलाढाल ४० लाखांच्या किंवा भांडवल २५ लाखांच्या वर गेल्यावरच बंधनकारक होते. येत्या दोन-तीन वर्षांत बाहेरचा गुंतवणूकदार आणायचा असेल तर थेट कंपनी करावी. तसा विचार नसेल, काम सेवेचे असेल आणि नफा दोघांतच राहणार असेल, तर माझा कल एलएलपीकडे आहे.

त्या कलाला एक मोठी अट आहे, आणि बहुतेकांचे नुकसान तिथेच होते: एलएलपीचा करार. नोंदणीच्या तारखेपासून ३० दिवसांत तो योग्य मुद्रांकावर करून फॉर्म ३ सोबत दाखल करायचा असतो. प्रमाणपत्र हातात आले की लोकांना काम संपले असे वाटते. करार झाला नाही, किंवा इंटरनेटवरून उतरवलेल्या मसुद्यात एखादी बाब सुटली, तर २००८ च्या एलएलपी कायद्याची पहिली अनुसूची लागू होते. ती सांगते की भांडवल, नफा आणि तोटा यांत सर्वांचा वाटा समान, आणि व्यवस्थापनाच्या कामासाठी कोणत्याही भागीदाराला मोबदला नाही. एकाने आठ लाख घातले आणि दुसऱ्याने दोन, तरी वाटा निम्मा-निम्माच.

करारात मोबदल्याचे कलम नसणे किती महाग पडते ते आकड्यांत पाहा. नाशिकच्या दोघी मैत्रिणींनी द्राक्षबागायतदारांसाठी फवारणीच्या नोंदी ठेवणारे ॲप काढले आहे, दोघी पूर्ण वेळ काम करतात, दोघींना दुसरे उत्पन्न नाही आणि वर्षाअखेर मोबदल्यापूर्वीचा नफा १२ लाख आहे, असे धरू. करारात मोबदल्याची तरतूद असेल, तर आयकराच्या मर्यादेनुसार पहिल्या ६ लाखांच्या ९० टक्के म्हणजे ५ लाख ४० हजार आणि उरलेल्या ६ लाखांच्या ६० टक्के म्हणजे ३ लाख ६० हजार, मिळून ९ लाख रुपये वजा करता येतात. शिल्लक ३ लाखांवर एलएलपीला ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ९३,६०० रुपये भरावे लागतात. प्रत्येकीच्या हाती आलेल्या साडेचार लाखांवर नव्या कररचनेत सूट धरून कर लागत नाही. करारात ते कलम नसेल, तर पूर्ण १२ लाखांवर कर लागतो आणि तो ३,७४,४०० होतो. एका परिच्छेदाच्या अभावी २,८०,८०० रुपये जास्त गेले. ‘मोबदला वेळोवेळी परस्पर संमतीने ठरेल’ एवढेच लिहूनही भागत नाही. रक्कम किंवा ती काढण्याची रीत करारात असावी लागते, आणि कराराच्या तारखेआधीच्या काळाचा मोबदला वजा होत नाही. म्हणून मार्चअखेरीस धावपळीने केलेला करार त्या वर्षापुरता फारसा उपयोगाचा नसतो. याच दोघींची कंपनी असती, तर दोघींना सहा-सहा लाख पगार देऊन नफा शून्यावर आणता आला असता, कारण भागीदारांच्या मोबदल्यावर असते तशी टक्केवारीची मर्यादा तिथे नाही. त्या फायद्यातून लेखापरीक्षणाचा आणि वार्षिक फॉर्मचा खर्च मात्र वजा करावा लागेल.

आता कागदपत्रे. पॅन, आधार, फोटो आणि डिजिटल स्वाक्षरी मिळायला अडचण येत नाही. अर्ज परत येतो तो नोंदणीकृत कार्यालयाच्या पुराव्यावर. तुम्ही नाशिकहून अर्ज करा किंवा चिपळूणहून, नाव आणि नोंदणी तपासणारे केंद्र हरियाणात मानेसरला आहे. तिथे बसलेल्या अधिकाऱ्याला वाड्याचा इतिहास समजावून सांगायची सोय नाही. त्याच्यासमोर असतो दोन महिन्यांपेक्षा जुने नसलेले वीज, गॅस किंवा टेलिफोनचे बिल आणि जागामालकाचे ना-हरकत पत्र. घर स्वतःचेच आहे असे सांगणारा माणूस बिल पुढे करतो, तर त्यावर आजोबांचे नाव, आणि आजोबांना जाऊन नऊ वर्षे झालेली. ना-हरकत पत्रावर सही वडिलांची. मालक एक आणि संमती देणारा दुसरा, म्हणून अर्ज परत येतो. महावितरणकडे बिलावरचे नाव बदलून घेणे हा पक्का उपाय आहे, पण वारसांची कागदपत्रे जमवण्यात वेळ जातो. हातघाईवर आलेल्यांनी त्याच पत्त्यावर हयात मालकाच्या नावे लँडलाइन किंवा पाइप गॅसचे बिल येते का ते आधी पाहावे. गावाकडच्या बिलांवर पुष्कळदा नुसते गावाचे नाव असते, घर क्रमांक नसतो. अर्जात मात्र पूर्ण पत्ता भरलेला असतो, आणि पत्ता जुळत नाही असा शेरा येतो. दोन्हीकडचा पत्ता अक्षरशः तोच असावा. राहत्या घराचा पत्ता देण्यास कायद्याची हरकत नाही.

दुसरी ठेच नावांची. पॅनवर वडिलांचे नाव पूर्ण, आधारवर फक्त आद्याक्षर, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंचे बँक खाते माहेरच्या नावाने, हे चित्र घरोघरी आहे. अर्ज भरण्यापूर्वी पॅन आणि आधार जुळवून घ्या, कारण नंतर प्रतिज्ञापत्रे जोडून वेळ निभावत नाही. संचालकांच्या निवासाचा पुरावाही दोन महिन्यांच्या आतला आणि त्यांच्याच नावाचा लागतो. आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या पंचविशीतल्या माणसाच्या नावाने वीजबिल कुठून येणार, हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. अशांनी पत्ता छापलेले ताजे बँक स्टेटमेंट किंवा पोस्टपेड मोबाइलचे बिल द्यावे.

मुदतींचा गोंधळ मित्रांच्या सल्ल्यातून होतो. एलएलपीसाठी राखून मिळालेले नाव तीन महिने टिकते, कंपनीसाठी SPICe+ या ऑनलाइन नोंदणी अर्जातून मिळालेले फक्त २० दिवस. एलएलपी केलेल्या मित्राच्या भरवशावर राहून कंपनीचे नाव गमावलेले लोक मी पाहिले आहेत, आणि ते नाव दुसऱ्यांदा मागताना शुल्कही पुन्हा भरावे लागते.

कंपनीच्या बाबतीत सर्वांत गाफील राहण्याची जागा म्हणजे INC-20A. भागभांडवल खरोखर जमा झाल्याचे हे निवेदन नोंदणीच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यायचे असते, आणि ते दिल्याखेरीज कंपनीला धंदा सुरू करता येत नाही की कर्ज घेता येत नाही. मोजणी नोंदणीपासून होते, बँकेत खाते उघडल्यापासून नव्हे. खाते उघडायलाच बँकेने दोन महिने लावले तरी ते दिवस तुमचेच जातात. सोबत बँकेचे स्टेटमेंट जोडायचे असते, त्यामुळे प्रत्येक भागधारकाचे पैसे त्याच्या स्वतःच्या खात्यातून यावेत. दोघांच्या वाट्याचे एक लाख एकानेच भरले, किंवा दुसऱ्याचे पन्नास हजार त्याच्या वडिलांच्या यूपीआयवरून आले, तर शेअर कोणाचे, हा प्रश्न पुढच्या प्रत्येक तपासणीत निघतो. मुदत चुकल्यास कायद्यात कंपनीला ५० हजार रुपये आणि संबंधित संचालकाला दिवसाला एक हजार, कमाल एक लाखापर्यंत, असा दंड आहे. लहान कंपन्यांना त्यात सवलत असली तरी तिच्या आशेवर बसू नये.

त्यानंतरचे काम दरवर्षीचे आहे. एलएलपीचे वार्षिक विवरण म्हणजे फॉर्म ११ दरवर्षी ३० मेपर्यंत आणि हिशोबाचा फॉर्म ८ दरवर्षी ३० ऑक्टोबरपर्यंत भरायचा असतो. कंपनीच्या हिशोबाचा फॉर्म AOC-4 वार्षिक सभेपासून ३० दिवसांत आणि वार्षिक विवरणाचा MGT-7A ६० दिवसांत जावा लागतो, आणि उशीर झाल्यास प्रत्येक फॉर्मवर दिवसाला १०० रुपये चढत राहतात. ‘धंदा बंदच आहे, मग फॉर्म कशाला’ असे म्हणून तीन वर्षे गप्प बसलेल्या कंपनीच्या संचालकांना पुढची पाच वर्षे संचालक होण्यास अपात्र ठरवले जाते, आणि ही अपात्रता त्यांनी नव्याने काढू घातलेल्या कंपनीलाही आडवी येते. नाशिकच्या त्या मैत्रिणींचे ॲप चालले नाही आणि दोघींनी नोकऱ्या धरल्या, तरी एलएलपी असल्यास फॉर्म २४ आणि कंपनी असल्यास STK-2 भरून ती रीतसर बंद करावी लागते, आणि त्याआधीचे थकलेले फॉर्म विलंब शुल्कासह भरावेच लागतात.