चेहऱ्यावरून हललेलं चित्र: ‘बी-रोल’ आला कुठून?

मुलाखत देणारा बोलत असतो आणि मध्येच पडद्यावर त्याचे हात दिसतात, नाहीतर मान डोलावणारा वार्ताहर. आवाज सलग चालू राहतो. बहुतेक वेळा तिथे एक वाक्य गळालेलं असतं. आपल्याकडच्या वृत्तवाहिन्यांत ‘बाईटवर व्हिज्युअल टाक’ म्हणतात ते हेच; अशा झाकणाऱ्या दृश्यांना ‘बी-रोल’ म्हणतात.

या सवयीचं मूळ १६ मिलिमीटरच्या फिल्मवर आहे. टीव्हीच्या बातम्या तिच्यावर चित्रित होत, तेव्हा फिल्मच्या कडेला चुंबकीय पट्टी असे आणि आवाज तिच्यावर उमटे; पण आपल्या चित्राच्या शेजारी नव्हे, २८ फ्रेम पुढे. सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबाने हे अंतर सेकंदाहून थोडं जास्त. संकलकाने आवाज पाहून कात्री लावली, की आधीच्या वाक्याचा शेवट ऐकू येत असतानाच नवं चित्र सुरू होई आणि त्यातले ओठ कापून टाकलेले शब्द बोलत राहत. तो सेकंद झाकायलाच हवा.

म्हणून दोन रिळं बनवत. ‘ए’वर मुलाखत, ‘बी’वर नुसती दृश्यं आणि मधल्या जागी कोरी फिल्म. दोन्ही प्रोजेक्टर एकदम सुरू होत. सांध्यापाशी दिग्दर्शक चित्र ‘बी’वर नेई, आवाज ‘ए’चाच ठेवी. कॅमेरा एकच असल्यामुळे पाहुणा उठून गेल्यावर वार्ताहराच्या माना डोलावणं वेगळं चित्रित करत. तेवढा अभिनय त्या नोकरीतच धरलेला!

यंत्राची खोड झाकणाऱ्या या ठिगळाखाली अर्थाचा सांधाही झाकता येतो. सांध्यांचा प्रश्न अमेरिकेत ऐरणीवर आला १९७१ मध्ये. २३ फेब्रुवारीला सीबीएस या वाहिनीने पेंटागॉनच्या प्रचारयंत्रणेवर ‘द सेलिंग ऑफ द पेंटागॉन’ हा माहितीपट दाखवला. त्यात एका कर्नलच्या भाषणातली वेगवेगळ्या ठिकाणची वाक्यं सलग जोडली होती, आणि एका अधिकाऱ्याच्या उत्तरात दुसऱ्या प्रश्नांची उत्तरं मिसळली होती. संसदीय समितीचे अध्यक्ष हार्ली स्टॅगर्स यांनी न वापरलेली फिल्म मागितली. सीबीएसचे अध्यक्ष फ्रँक स्टँटन यांनी नकार दिला. त्यांच्यावरचा अवमानाचा ठराव सभागृहाने २२६ विरुद्ध १८१ मतांनी समितीकडे परत पाठवला, म्हणजे तो बारगळला. माझ्या मते फिल्म न देणं बरोबर होतं, जोडकाम मात्र नव्हतं. सीबीएसनेही त्याच वर्षी नियम केला: उत्तर दुसऱ्या प्रश्नांतून घेतलं असेल, तर प्रेक्षकाला तसं कळवायचं.

ब्रिटनच्या ‘फाइव्ह न्यूज’ने २००७ मध्ये अशा रचलेल्या माना डोलावण्यावर बंदी घातली. सांधा झाकण्यापेक्षा दिसू दिलेला बरा, अशी ही भूमिका.

चित्र चेहऱ्यावरून हललं की कान द्यावा. अर्धा तुटलेला श्वास, शब्दाच्या शेवटी चढाच राहिलेला सूर, पंख्याच्या घरघरीत पडलेला फरक या सांध्याच्या खुणा. मात्र त्याच खोलीतली शांतता वेगळी ध्वनिमुद्रित करून खाली पसरली असेल, तर पंख्याची खूणही हाती लागत नाही.