आवेगमाला (डिरॅक कंगवा)

एकक आवेग δ(t) म्हणजे शून्य रुंदीचा, अनंत उंचीचा, पण एकक क्षेत्रफळाचा संकेत. समान अंतराने, दोन्ही बाजूंना अनंतापर्यंत मांडलेल्या अशा आवेगांच्या बेरजेला आवेगमाला म्हणतात. आलेखावर ती सारख्या उंचीच्या उभ्या बाणांची रांग दिसते, म्हणून अभियंत्यांत तिला 'कंगवा' किंवा 'डिरॅक कंगवा' म्हणण्याची पद्धत आहे. रोनाल्ड ब्रेसवेल यांनी तिच्यासाठी सिरिलिक लिपीतले 'शा' हे अक्षर (Ш) वापरले. त्याचा आकारच तीन दात्यांच्या कंगव्यासारखा आहे. दोन आवेगांमधले अंतर T असेल तर

```
c(t) = Σ δ(t − nT),   n = …, −2, −1, 0, 1, 2, …
```

अखंड संकेताचे ठराविक वेळाने नमुने घेण्याची क्रिया, म्हणजे सॅम्पलिंग, या मालेने केलेला गुणाकार म्हणून मांडता येते. वर्णपटात दिसणारे सॅम्पलिंगचे जवळजवळ सगळे परिणाम या एका गुणाकारातून निघतात.

कंगव्याचे रूपांतर

c(t) आवर्ती आहे आणि तिचा आवर्तकाल T आहे, म्हणून तिची फूरिए श्रेणी मांडता येते. −T/2 ते T/2 या एका आवर्तनात फक्त t = 0 चा आवेग येतो. त्याला कोणत्याही घातांकी फलनाने गुणले तरी त्या फलनाची शून्यापाशी असलेली किंमत, म्हणजे 1, एवढेच संकलनात उरते. त्यामुळे श्रेणीचा प्रत्येक सहगुणक 1/T येतो. पहिला, दहावा, लाखावा सगळे सारखेच. वारंवारता वाढली म्हणून सहगुणक कमी होत नाहीत. प्रत्येक घातांकी पदाचे फूरिए रूपांतर हा वारंवारता-अक्षावरचा एक आवेग असतो, म्हणून

```
C(f) = (1/T) Σ δ(f − k/T)
```

म्हणजे कंगव्याचे रूपांतर पुन्हा कंगवाच. काळात दाते T अंतरावर असतील तर वारंवारतेत ते 1/T अंतरावर येतात. काळातले दाते जवळ आणले की वारंवारतेतले दूर जातात.

श्रेणीचे सहगुणक घटत नसतील तर ती अभिसारी कशी, ही शंका रास्त आहे. नेहमीच्या अर्थाने ती अभिसारी नाहीच. k = −N ते N एवढीच पदे घेतली तर T च्या पटींवर (2N+1)/T उंचीची शिखरे मिळतात. पण दोन शिखरांच्या बरोबर मध्यावर बेरीज शून्याकडे जात नाही. N एकेकाने वाढवत नेला तर ती 1/T आणि −1/T यांच्यात उलटसुलट होत राहते. N वाढवल्यावर मधली लहर लहान होत नाही, फक्त अधिकाधिक जलद होते. तिला एखाद्या गुळगुळीत फलनाने गुणून संकलन केले की तिचे चढउतार एकमेकांना खोडतात आणि शिखरांपाशीच्या किमती तेवढ्या उरतात. आवेगांच्या बाबतीत समानता याच अर्थाने घ्यायची असते. या अर्थाला काटेकोर पाया लोराँ श्वार्त्झ यांच्या वितरण-सिद्धांताने दिला. संगणकावर ही बेरीज काढून मधली लहर दिसल्यावर सूत्र चुकले असे समजू नये.

गुणाकार म्हणून सॅम्पलिंग

संकेत x(t) ला c(t) ने गुणले की प्रत्येक आवेगाचे वजन त्या क्षणाच्या x च्या किमतीइतके होते. दोन आवेगांच्या मधले सगळे शून्याने गुणले जाते:

```
x(t)·c(t) = Σ x(nT) δ(t − nT)
```

यासाठी x(t) हा nT या क्षणी अखंड असायला हवा. चौकोनी तरंगाची उडी नेमकी नमुन्याच्या क्षणी आली तर या गुणाकाराला अर्थ राहत नाही. प्रत्यक्षातही अशा वेळी वरची किंमत मिळणार की खालची, हे घड्याळातली सूक्ष्म चलबिचल आणि गोंगाट ठरवतात.

काळातला गुणाकार म्हणजे वारंवारतेतले कन्व्होल्यूशन. आणि एखाद्या फलनाचे f₀ वरच्या आवेगाशी कन्व्होल्यूशन म्हणजे ते फलन उचलून f₀ वर ठेवणे. C(f) मध्ये असे आवेग 1/T च्या प्रत्येक पटीवर आहेत, म्हणून x(t) चा वर्णपट X(f) याची एकेक प्रत त्या प्रत्येकावर बसते. सॅम्पलिंगचा दर fs = 1/T घेतला तर

```
Xs(f) = (1/T) Σ X(f − k·fs)
```

प्रती एकमेकींवर न चढल्या तर मधली प्रत फिल्टरने वेगळी काढता येते आणि मूळ संकेत जसाच्या तसा मिळतो. त्यासाठी संकेतात fs/2 किंवा त्याहून वरचे काहीही नसावे लागते. व्लादिमिर कोटेल्निकोव्ह यांनी 1933 मध्ये आणि क्लॉड शॅनन यांनी 1949 मध्ये मांडलेल्या प्रमेयाचा हा गाभा आहे.

इथे स्थिरांकांचा घोळ फार होतो. वारंवारता हर्ट्झमध्ये मोजली तर कंगव्यापुढे 1/T येतो. ती कोनीय असेल, म्हणजे ω = 2πf, तर कंगव्यापुढे 2π/T येतो, पण त्या पद्धतीत गुणाकाराच्या नियमातही 1/2π असतो. दोन्ही मिळून प्रतींची उंची 1/T च राहते. एका पुस्तकातला कंगवा आणि दुसऱ्या पुस्तकातला गुणाकाराचा नियम घेतला की उत्तर 2π पटीने चुकते. प्रतींची उंची 1/T असल्यामुळेच नमुन्यांची नुसती बेरीज करणाऱ्या संगणकीय रूपांतरातून X(f) चा अंदाज काढायचा असेल तर निकालाला T ने गुणावे लागते.

उदाहरण: टेलिफोनचा आवाज

डिजिटल टेलिफोनीत आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने घेतात. म्हणजे T = 125 मायक्रोसेकंद, आणि वर्णपटातल्या प्रतींची मध्यस्थाने 0, ±8, ±16 किलोहर्ट्झ अशी. आवाजाचा पट्टा साधारण 300 ते 3400 हर्ट्झ ठेवला जातो. 8 किलोहर्ट्झवरच्या प्रतीची खालची कड 8000 − 3400 = 4600 हर्ट्झवर येते. 3400 आणि 4600 यांच्या मधली 1200 हर्ट्झची मोकळी जागा फिल्टरच्या उतारासाठी असते. बरोबर fs/2 वर उभी भिंत उभारणारा फिल्टर बनवता येत नाही, म्हणून ती सोडावीच लागते.

आता फिल्टरशिवाय 5 किलोहर्ट्झचा, 1 आयामाचा कोसाइन आत आला असे समजू. त्याच्या वर्णपटात +5 आणि −5 किलोहर्ट्झवर ½ वजनाच्या दोन रेषा असतात. 8 ने सरकलेल्या प्रतीत −5 ची रेषा +3 वर येते. −8 ने सरकलेल्या प्रतीत +5 ची रेषा −3 वर. दोन्हींचे वजन ½ × 8000 आहे. पुढे 4 किलोहर्ट्झपर्यंतचेच जाऊ देणारा, T लाभांकाचा आदर्श फिल्टर लावला की 8000 कटते आणि 1 आयामाचा 3 किलोहर्ट्झचा कोसाइन बाहेर येतो. यालाच अ‍ॅलियसिंग म्हणतात. नमुने प्रत्यक्ष काढून पाहिले तरी तेच दिसते:

```
n        0    1       2    3       4    5       6    7
3 kHz    1   −0.707   0    0.707  −1    0.707   0   −0.707
5 kHz    1   −0.707   0    0.707  −1    0.707   0   −0.707
```

कोसाइनऐवजी साइन घेतला असता तर चिन्ह उलटे आले असते, कारण सरकून आलेली रेषा मुळात ऋण बाजूची असते.

नमुने तंतोतंत सारखे असल्यामुळे सॅम्पलिंगनंतर कितीही चांगला फिल्टर लावला तरी या दोन स्वरांत फरक करता येत नाही. फिल्टर आधीच, अखंड संकेतावर लावायला हवा. नोंदीत दिसणारा 3 किलोहर्ट्झ खरा की अ‍ॅलियसिंगचा, हे ओळखण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे दर थोडा बदलून पाहणे. 8200 नमुन्यांना खरा स्वर 3000 हर्ट्झवरच राहतो. 5 किलोहर्ट्झपासून आलेला 3200 वर सरकतो. मूळ स्वराची वारंवारता हाताशी असेल तर ती हळूहळू वाढवावी. ती वाढताना नोंदीतला स्वर खाली उतरू लागला तर ती सरकून आलेली प्रत आहे.

नेमकी fs/2 ही सीमाही सुरक्षित नाही. 4 किलोहर्ट्झच्या cos(2π·4000t + φ) चे नमुने cos φ · (−1)ⁿ असे येतात. φ = 90° असेल तर सगळेच शून्य. आयाम आणि cos φ यांचा एकच गुणाकार हाती लागतो आणि त्यातून आयाम आणि कला वेगळे करता येत नाहीत. +4 आणि −4 वरच्या रेषा सरकून एकाच जागी बेरजेत येतात, त्याचा हा परिणाम.

प्रत्यक्ष मंडलातले फरक

अनंत उंचीचा आणि शून्य रुंदीचा आवेग कोणतेही मंडल निर्माण करत नाही. अ‍ॅनालॉग-डिजिटल परिवर्तक आवेग देत नाही, आकडे देतो. x(t)c(t) हे त्या आकड्यांना काळाच्या अक्षावर बसवण्याचे गणिती साधन आहे. प्रत्यक्षातल्या स्पंदांचा आकार परत उभारणीच्या टोकाला दिसतो. साधा डिजिटल-अ‍ॅनालॉग परिवर्तक प्रत्येक आकडा पुढचा येईपर्यंत धरून ठेवतो आणि पायऱ्यांसारखा संकेत देतो. म्हणजे प्रत्येक आवेगाच्या जागी T रुंदीचा आयत बसतो, आणि सगळा वर्णपट T·sin(πfT)/(πfT) या आकाराने गुणला जातो. टेलिफोनच्या दराला 1 किलोहर्ट्झवर हा गुणक (T वगळून) 0.974 आहे, फरक ऐकूही येत नाही. 3400 हर्ट्झवर मात्र तो 0.728 होतो, म्हणजे सुमारे 2.75 डेसिबलची घट. ही घट भरून काढण्यासाठी फिल्टरमध्ये वरच्या टोकाला थोडा उठाव द्यावा लागतो. शिवाय 3400 ची 4600 वरची प्रतिमा पायऱ्यांनी पुरती दबत नाही. तिचा गुणक 0.538 असतो, म्हणून परिवर्तकानंतरही फिल्टर लागतोच.

नमुन्यांच्या क्षणांत चलबिचल असेल तर दाते समान अंतरावर राहत नाहीत आणि c(t) आवर्ती उरत नाही. मग वारंवारतेतल्या स्वच्छ रेषांच्या बुडाशी गोंगाट पसरतो. संकेताची वारंवारता जितकी जास्त तितका त्याचा चढउतार तीव्र, त्यामुळे तेवढ्याच चलबिचलीने होणारी चूकही मोठी.

उलट दिशा

हेच नाते वारंवारतेकडूनही चालते. वर्णपटाला Δf अंतराच्या कंगव्याने गुणले की काळात संकेताच्या प्रती 1/Δf अंतराने बसतात. संगणकातले विविक्त फूरिए रूपांतर वर्णपटाचे असे नमुनेच देत असते. 8000 दराने 256 नमुने घेतले तर रेषांमधले अंतर 31.25 हर्ट्झ आणि काळातला आवर्तकाल 32 मिलिसेकंद असतो. दोन वर्णपट गुणून कन्व्होल्यूशन काढताना उत्तर 256 नमुन्यांपेक्षा लांब झाले तर शेपूट सुरुवातीवर येऊन चढते. हे काळातले अ‍ॅलियसिंगच आहे. 200 आणि 57 नमुन्यांच्या कन्व्होल्यूशनचे उत्तर नेमके 256 नमुन्यांचे असते आणि ते बसते. 58 नमुने घेतले की पहिलाच आकडा चुकतो.