चॉकी आमच्याकडून नेल्यावर : अंड्यापासून कोष काढणीपर्यंत

आमच्या केंद्रातून चॉकी, म्हणजे पहिल्या दोन अवस्था आमच्याकडे वाढवलेल्या रेशीम अळ्या, नेणाऱ्या शेतकऱ्यांसाठी हे माहितीपत्रक आहे. पहिली बॅच घेणाऱ्यांनी ते सगळे वाचावे. जुन्यांनी निदान पाचव्या अवस्थेचा आणि काढणीचा भाग वाचावा, कारण हातात आलेले पीक हलके होते किंवा डागाळते ते बहुतेक तिथेच. खाली दिलेले सगळे दुबार संकर जातीच्या पांढऱ्या कोषाबद्दल आहे आणि हिशेब १५० अंडीपुंजांच्या बॅचचा आहे.

तुमच्याकडे येण्याआधी

एक मादी पतंग एका वेळी घालते तेवढी अंडी म्हणजे एक अंडीपुंज. त्यात साधारण ४०० ते ५०० अंडी असतात. अंडी घालून झाली की त्या मादीला कुटून तिचा रस सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेब्रीनचे बीजाणू दिसले तर तिची सगळी अंडी नष्ट करतात, कारण हा रोग आईकडून अंड्यात उतरतो आणि त्यावर औषध नाही. लुई पाश्चरने १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये ही पद्धत बसवली, ती आजही तशीच चालते. मात्र ही तपासणी फक्त पेब्रीनची असते. ग्रासरी किंवा फ्लॅचरी अंड्यातून आली असे म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःचे शेड तपासावे. ते रोग बहुधा मागच्या बॅचच्या घाणीतून आणि वाईट पाल्यातून येतात.

अंडी आमच्याकडे २५ अंश तापमानाला आणि भरपूर दमटपणात ठेवतो. फुटायच्या दोन दिवस आधी अंड्यावर निळसर झाक येते. तेव्हा ती काळ्या कागदात गुंडाळून अंधारात ठेवायची आणि ठरलेल्या सकाळी एकदम उजेडात काढायची. अंधारात पुढची अंडी थांबतात, मागची त्यांना गाठतात, आणि उजेड मिळताच दीड-दोन तासांत बहुतेक सगळी फुटतात. बॅच एकसारखी राहण्याचे मूळ इथे आहे. लहान-मोठ्या अळ्या एका बेडवर आल्या की काही जेवतात तेव्हा काही मोल्टला, म्हणजे कात टाकायला, बसलेल्या असतात, आणि मग शेवटपर्यंत घोळ मिटत नाही.

पहिल्या दोन अवस्था, म्हणजे सात-आठ दिवस, अळ्या आमच्याकडे असतात. २७-२८ अंश तापमान, ८५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता आणि शेंड्याचा कोवळा पाला बारीक कापून. या काळात त्या खातात नगण्य, पण हाल झाले तर नुकसान पुढे भरून निघत नाही. दुसऱ्या मोल्टमधून उठायच्या सुमारास आम्ही चॉकी देतो. न्यायला पहाटे या. दुपारच्या उन्हात टेम्पोत बसलेली चॉकी घरी पोचते, पण तिची ताकद वाटेतच जाते.

तिसरी आणि चौथी अवस्था

आता फांदी पद्धत. छाटणीनंतर ५०-६० दिवसांची तुती चांगली. फांद्या सकाळी किंवा संध्याकाळी कापा, ओल्या गोणपाटाखाली ठेवा, पण पाला ओला असताना अळीला घालू नका. शेडमध्ये २५ अंशांच्या आसपास तापमान आणि मोकळी हवा लागते. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत हे जमणार नसेल तर त्या महिन्यात बॅच घेऊ नका, असे आम्ही स्वतःच्या धंद्याविरुद्ध सांगतो. छताला चुना, बाजूंना ओली गोणपाटे, फॉगर हे सगळे करूनही पत्र्याचे शेड ३५ वर जात असेल तर पाचव्या अवस्थेत अळ्या मऊ पडतात.

मोल्ट ओळखायला शिका. अळी खाणे थांबवते, अंग चकचकीत ताणलेले दिसते, डोके अंगाच्या मानाने लहान वाटते आणि ती डोके वर करून स्थिर बसते. ९० टक्क्यांहून जास्त अळ्या अशा बसल्या की खाद्य बंद करा, बेडवर चुन्याची भुकटी पातळ धुरळा आणि पाला वाळू द्या. उठल्यावर अंग सुरकुतलेले, मळकट रंगाचे आणि डोके मोठे दिसते. जवळपास सगळ्या उठेपर्यंत थांबा, मगच निर्जंतुक पावडर टाका आणि अर्ध्या तासाने पहिली फांदी द्या. पाच-दहा अळ्या उठल्या म्हणून घाईने पाला टाकला की त्या पुढे जातात आणि आम्ही अंधारात ठेवून आणलेली एकसारखी बॅच तुम्ही दोन तासांत मोडता.

शेडमध्ये तंबाखू मळणे बंद. हाताला राहिलेला तंबाखूही अळीला विष आहे. शेजारच्या कपाशीवर फवारणी असेल तर आधी विचारून घ्या. फवाऱ्याचा वारा तुतीवर आला असेल तर त्या बाजूच्या फांद्या त्या बॅचला वापरू नका. काही नव्या अळीनाशकांचा अंश पानावर बरेच दिवस राहतो. विषबाधा झालेली अळी डोके हलवते, हिरवा रस ओकते आणि आखडते. तसे दिसले की तो पाला लगेच काढा.

पाचवी अवस्था, सात-आठ दिवस

अख्ख्या आयुष्यात अळी जेवढा पाला खाते त्यातला ८० टक्क्यांहून जास्त याच दिवसांत खाते. रेशमाची ग्रंथीही आताच भरते. म्हणून पाला कमी पडला की अळी मरत नाही, कोषही करते, फक्त कोष हलका होतो, आणि शेतकऱ्याला बाजारातला काटा पाहेपर्यंत काही चुकले आहे हे कळत नाही.

१५० अंडीपुंजांचा हिशेब मांडू. सरासरी ४५० अंडी धरली तर ६७,५०० अंडी. न फुटलेली आणि चॉकीतली घट जाऊन तुमच्या हाती साधारण ६०,००० अळ्या येतात. त्यातल्या १५ टक्के गेल्या असे धरू, ५१,००० कोष उरले. एका कोषाचे वजन १.८ ग्रॅम भरले तर जवळपास ९२ किलो माल होतो. तेवढ्याच कोषांचे वजन दीड ग्रॅम भरले तर साडेशहात्तर किलो. अळ्या तेवढ्याच, मजुरी तेवढीच, आणि १५ किलोंवर पाणी. हा फरक बहुतेक वेळा शेवटच्या तीन दिवसांच्या पाल्याचा असतो. १०० अंडीपुंजांना साधारण टनभर पाला लागतो, म्हणून तुती किती आहे ते पाहून अंडीपुंज सांगा. आमच्याकडे नोंदवताना जास्तच सांगण्याकडे लोकांचा कल असतो.

जागाही तेवढीच लागते. १०० अंडीपुंजांना शेवटी ६०० ते ७०० चौरस फूट बेड हवा, १५० ला हजाराच्या आसपास. दाटी झाली की खालचा पाला तापतो, दमट होतो आणि ग्रासरी सुरू होते. ग्रासरीची अळी ओळखायला सोपी. कातडी चमकते, सांधे फुगतात, ती खाणे सोडून रॅकच्या कडेने फिरत राहते आणि टोचली की दुधासारखा पांढरा द्रव निघतो. ती हाताने नव्हे, चिमट्याने उचला, चुना आणि ब्लीचिंगच्या पाण्यात टाका, मग खड्ड्यात पुरा. रॅकखाली फेकलेली एक अळी उरलेल्या बेडला पुरते. अंगावर काळा ठिपका दिसला तर ती अळीवर अंडी घालणाऱ्या उझी माशीची खूण. त्यासाठी दारे-खिडक्यांना जाळी आणि दार बंद ठेवण्याची सवय, दुसरा उपाय फारसा चालत नाही.

चंद्रिकेवर

सहाव्या-सातव्या दिवशी अळ्या पिकू लागतात. खाणे थांबते, अंग आखडते, पारदर्शक पिवळसर दिसते आणि त्या डोके वर करून आधार शोधतात. चंद्रिका म्हणजे अळीने कोष विणायची चौकट. बांबूच्या सहा बाय चार फुटांच्या चंद्रिकेवर हजाराच्या आसपास अळ्या सोडा. दाटी केली की दोन अळ्या मिळून एकच कोष करतात. त्या जोड कोषाचा धागा गुंतलेला असतो, भाव पडतो. प्लास्टिकच्या चंद्रिका असतील तर थेट बेडवर मांडल्या तरी चालतात.

कोष विणायच्या आधी अळी लघवी करते. ते पाणी आणि दमट हवा दोन्ही बाहेर गेली पाहिजेत. या काळात खिडक्या बंद ठेवणाऱ्यांचे कोष दिसायला चांगले असतात, पण रीलिंगला, म्हणजे कोष उकलताना, धागा तुटतो. अळी डोके आठच्या आकड्यासारखे फिरवत दोन-तीन दिवस न थांबता विणते. सलग एक हजार मीटरहून जास्त धागा एका कोषात बसतो.

काढणी

विणून झाल्यावर आत अळीची प्युपा होते. पहिल्यांदा ती पिवळी आणि मऊ असते, मग तपकिरी आणि कडक. अळ्या चंद्रिकेवर सोडल्यापासून सहाव्या-सातव्या दिवशी काढणी योग्य, थंडीत एखाद दिवस पुढे. आमच्या मते दिवस मोजण्यापेक्षा निरनिराळ्या चंद्रिकांवरचे पाच-सहा कोष कापून पाहावेत. प्युपा तपकिरी आणि टणक असेल, कानाजवळ कोष हलवल्यावर खुळखुळ आवाज येत असेल तर काढा. मऊ प्युपा वाहतुकीत फुटते, कोषाला आतून डाग पडतो आणि तो धागा रीलरच्या कामाचा राहत नाही. भाव चांगला आहे म्हणून एक दिवस आधी माल उचलणारे हेच नुकसान ओढवून घेतात. आणि उशीर केला तर प्युपा झाल्यापासून दहा-बारा दिवसांनी पतंग कोष भोकसून बाहेर पडतो. तसा कोष उलगडत नाही.

आधी चंद्रिकेवरच्या मेलेल्या अळ्या आणि मळके कोष काढा, म्हणजे चांगल्यांना डाग लागत नाहीत. मग चांगले कोष काढून बाहेरचा फोल धागा झटका. जोड, पातळ, मळके आणि भोकाचे कोष वेगळे ठेवा. चार खराब कोष लपवून माल भरला तर लिलावात व्यापारी हात घालतो आणि भाव सगळ्या ढिगाचा पडतो. कोष हवेशीर पोत्यात सैल भरा आणि रात्री किंवा पहाटे न्या. आत प्युपा जिवंत असते, श्वास घेते, त्यामुळे कोंडला तर माल तापतो आणि वजन रोज घटते. काढल्यानंतर लवकरात लवकर बाजार गाठा, जालना असो वा कर्नाटकातले रामनगर.

घेणारा रीलर पतंग बाहेर पडण्याआधी गरम हवेच्या ड्रायरमध्ये प्युपा मारून कोष वाळवतो, मग पाण्यात उकळून धाग्याचे टोक शोधतो. चांगल्या दुबार कोषाचे सहा-सात किलो उकलले की एक किलो कच्चे रेशीम निघते. उरलेली प्युपा तेलाला आणि कोंबड्या-माशांच्या खाद्याला जाते.

पुढची चॉकी नोंदवण्याआधी शेड रिकामे करा. उरलेला पाला आणि विष्ठा शेडपासून लांब खड्ड्यात टाका. रॅक, चंद्रिका, फरशी आणि भिंती धुऊन ब्लीचिंग पावडर २ टक्के आणि चुना ०.३ टक्के एकत्र केलेल्या पाण्याने फवारा. हे झाले आहे का, ते आम्ही विचारूनच तारीख देतो.