आधी रुपये, मग घड्याळ : किराणा दुकानातल्या कामांची चार घरं

किराणा दुकानात कामांचा क्रम बहुतेक वेळा आवाजावरून ठरतो. फोन वाजला की तो आधी, दारात कंपनीचा सेल्समन येऊन उभा राहिला की तो आधी. फळीवर मागं सरकलेला, पुढच्या महिन्यात मुदत संपणारा मसाल्याचा पुडा मात्र हाक मारत नाही. दिवसभर पायाला भिंगरी लावूनही महिन्याच्या शेवटी नुकसान निघतं, ते बरंचसं अशा गप्प कामांमुळे.

घाईचं काम आणि महत्त्वाचं काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी 1954 साली इव्हान्स्टन इथल्या भाषणात सांगितलं होतं, आणि तेही एका माजी कॉलेज-अध्यक्षाचं वचन म्हणून. पुढे व्यवस्थापनावर लिहिणाऱ्यांनी त्याला कागदावरच्या चार घरांचं रूप दिलं. एक आडवी रेघ, एक उभी रेघ. वरच्या दोन घरांत महत्त्वाची कामं, खालच्या दोन घरांत किरकोळ. डावीकडे घाईची, उजवीकडे सवडीची. आखायला अर्धं मिनिट लागतं. अडतं ते पुढे, कारण कुठलं काम कुठल्या घरात घालायचं हे ठरवताना आपलं मन आपल्यालाच फसवतं.

या फसगतीवर मेंग झू, यांग यांग आणि क्रिस्टोफर सी या संशोधकांनी 2018 साली प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांसमोर दोन कामं ठेवली होती. मेहनत सारखीच, पण एकाचा मोबदला कमी आणि मुदत लवकर संपणारी, दुसऱ्याचा मोबदला जास्त आणि मुदत लांबची. पुष्कळ जणांनी कमी मोबदल्याचं काम उचललं, केवळ त्याची मुदत जवळ होती म्हणून. स्वतःला फार कामात असलेले समजणारे लोक या सापळ्यात जास्त अडकले. निवड करताना मोबदल्याकडे मुद्दाम लक्ष वेधलं, तेव्हा मात्र हा परिणाम कमी झाला.

दुकानदारासाठी यातून एक साधा नियम निघतो. कामासमोर आधी रुपये लिहायचे आणि वेळ नंतर. उलट केलं तर घड्याळ रुपयांना झाकून टाकतं.

एक दिवस प्रत्यक्ष मांडून बघू. तालुक्याच्या गावातलं किराणा दुकान, रोजची विक्री सरासरी 15,000 रुपये, त्यावर 10 टक्के सुटतात असं धरू, म्हणजे दिवसाला 1,500. मालक, मालकीणबाई आणि एक कामाचा मुलगा. तारीख 17 ऑक्टोबर, दिवाळी बारा दिवसांवर. रात्री गल्ला मोजून झाला की वहीच्या मागच्या पानावर उद्याची कामं सुचतील तशी लिहायची. दूध उतरवणं, झाडलोट, दिवाबत्ती ही रोज ठरल्या वेळी होणारी कामं लिहायची नाहीत. ती घड्याळावर बसलेलीच आहेत आणि यादीत घुसली की खऱ्या प्रश्नांची जागा खातात.

मग प्रत्येक कामासमोर पहिला प्रश्न : हे झालंच नाही तर किती जाईल? दिवसाच्या सुटण्याच्या निम्म्याहून, म्हणजे इथं 750 रुपयांहून जास्त जाणार असेल तर काम महत्त्वाचं. परवाना, काटा, नेहमीच्या गिऱ्हाइकाचा विश्वास यांवर थेट रक्कम लिहिता येत नाही, म्हणून ती महत्त्वाचीच धरायची. दुसरा प्रश्न : नुकसान उद्या शटर ओढायच्या आत सुरू होतं का? हो असेल तरच घाई. "लवकर करायला हवं" हे उत्तर चालत नाही, वेळ सांगता आली पाहिजे.

आता कामं घेऊ. काचेच्या दाराचा फ्रीज दोन दिवस नीट गार होत नाही, कॉम्प्रेसर थांबतच नाही. आत दही, पनीर, लोणी मिळून 5,000 रुपयांचा माल आहे. महत्त्वाचं आणि घाईचं. दिवाळीच्या रवा, मैदा, बेसन, भाजके पोहे आणि वनस्पती तुपाची ऑर्डर ठोक व्यापाऱ्याला उद्या दुपारी बारापर्यंत दिली नाही, तर त्याचा टेम्पो चार दिवसांनी येणार. तेही त्याच घरात.

उधारीच्या वहीत 38,000 रुपये अडकलेत, त्यांतले 9,000 दोन महिन्यांहून जुने. ते उद्या मागितले नाहीत म्हणून उद्या काही बुडत नाहीत, त्यामुळे हे काम वर्षानुवर्षं "बघू" या सदरात राहतं. पण 10 टक्के सुटत असतील तर बुडालेले 9,000 भरून काढायला 90,000 रुपयांची विक्री लागते. म्हणजे सहा दिवस दुकान फुकट चालवलं. मुदत संपत आलेला माल वेगळा काढायचं कामही याच जातीचं. महिन्याला 1,200 रुपयांचा माल फेकावा लागला, तर जवळजवळ एका दिवसाची कमाई वाया गेली. काट्याच्या मुद्रांकनाची मुदत 31 ऑक्टोबरला संपते. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते, आणि शेवटच्या आठवड्यात दिवाळीच्या गर्दीत काटा दुकानातून हलवणं अवघड. ही तिन्ही कामं महत्त्वाची, पण सवडीची.

जीएसटीचं काम थोडं गमतीचं आहे. दुकान कंपोझिशन योजनेत असेल, तर जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीचं CMP-08 हे कराचं विवरणपत्र 18 ऑक्टोबरपर्यंत भरायचं असतं. नुसती तारीख ऐकून पोटात गोळा येतो. कर समजा 9,000 रुपये असेल, तर 18 टक्के दरानं एका दिवसाच्या उशिराचं व्याज होतं साधारण साडेचार रुपये. याचा अर्थ भरू नका असा नाही, कारण ओळीनं दोन तिमाह्या राहिल्या तर मालवाहतुकीला लागणारं ई-वे बिल अडतं. अर्थ इतकाच, की या कामापायी मालकानं सकाळचा गर्दीचा तास घालवायचा नाही. विक्रीचा आकडा कर सल्लागाराला आज रात्रीच पाठवायचा आणि उद्या संध्याकाळी पावती आली का एवढं बघायचं. घाईचं, पण दुसऱ्याच्या हातानं होणारं. त्याच घरात, खाली डावीकडे, अकराच्या आत घरपोच द्यायची पाच किलो साखर. ते काम मुलाचं.

आता सेल्समन. "शेठ, स्कीम आजच संपतेय, दहा पेट्यांवर एक फुकट." यादीत फसवं काम कुठलं असेल तर हेच. हे बिस्किट दुकानात महिन्याला दोन पेट्या खपतं. म्हणजे अकरा पेट्या संपायला साडेपाच महिने. पुड्यावर उत्पादनापासून सहा महिन्यांची मुदत छापलेली आहे आणि माल दुकानात येईतो एक महिना गेलेला असतो. उरलेल्या पाच महिन्यांत खपणार दहा पेट्या. जी पेटी फुकट मिळाली, तीच मुदतबाह्य होणार, आणि वर दहा पेट्यांचे पैसे महिनोन्महिने फळीवर पडून. घाई खरी आहे, पण ती सेल्समनच्या टार्गेटची. दोन पेट्या घ्याव्यात, चहा पाजावा आणि ऑर्डरीकडे वळावं.

चौथ्या घरात उरतात ती व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची भावांची चर्चा आणि दर्शनी पाटीचा रंग. पाटी दिवाळीनंतर.

एकाच घरातल्या दोन कामांपैकी आधी कुठलं, हे चौकट सांगत नाही. त्यासाठी डब्ल्यू. ई. स्मिथ यांनी 1956 साली मांडलेला वेळापत्रकाचा नियम कामाला येतो. काम थांबल्यामुळे तासाला होणाऱ्या नुकसानाला त्या कामाला लागणाऱ्या वेळेनं भागायचं, ज्याचं उत्तर मोठं ते आधी. फ्रीजवाल्या मेकॅनिकला फोन करायला पाच मिनिटं लागतात, ऑर्डर नीट काढायला चाळीस. दोन्हींचं नुकसान सारखं धरलं तरी फोन आधी. तो येईपर्यंत ऑर्डर निघते. कागदावर भागाकार करत बसायची गरज नाही, पण लहान काम मोठ्याच्या मागं ताटकळत ठेवू नये, हे त्यातून कळतं.

पहिल्याच आठवड्यात सहसा दोन ठिकाणी गाडी अडते. एक म्हणजे सगळंच डाव्या वरच्या घरात जाऊन बसतं. तिथं तीनच ओळी आखा. चौथं काम आलं तर आधीच्या तिघांपैकी कोण बाहेर जाणार ते ठरवल्याशिवाय ते आत येत नाही. दुसरं म्हणजे उजवीकडचं वरचं घर नुसतं भरत जातं, त्यातलं काहीच होत नाही, कारण "उधारी मागणे" हे काम नव्हे, तो इरादा आहे. त्याला वेळ आणि माप द्यावं लागतं. दुपारी अडीच ते चार गिऱ्हाईक तुरळक असतं. तेव्हा रोज तीनच उधारीवाल्यांना फोन, सगळ्यांत जुन्या नावापासून. मुदतीच्या मालासाठी रोज एकच फळी. बारा फळ्या असतील तर बारा दिवसांत दुकानाची एक फेरी पूर्ण. ज्याची मुदत दोन महिन्यांच्या आत संपते तो पुडा पुढे ओढायचा, आणि वितरक परत घेत असेल तर त्याच्या पिशवीत. मध्येच गिऱ्हाईक आलं तर उठायचंच, समोरच्या माणसाला चौकट दाखवायची नसते. फळी जिथं सोडली तिथं चिमटा लावून ठेवला की परत सुरुवात करताना शोधाशोध होत नाही.

दुकानात एकटाच माणूस असेल तर खालचं डावं घर सोपवायला कुणी नाही. मग तिथली कामं विखरू न देता एकाच वेळी उरकायची, उदाहरणार्थ सगळे फोन अकरा वाजता. मुलगा असेल, तर काम सांगताना काय, किती आणि कधीपर्यंत हे तिन्ही सांगायचं. "साखर देऊन ये" एवढंच म्हटलं की साखर जाते, पण पैसे उधारीच्या वहीत जातात.

महिनाभराची पानं राहू द्या, फाडू नका. महिन्याच्या शेवटी पहिल्या घरात कुठलं काम दोनदा आलंय ते शोधा. त्याचं मूळ हमखास उजवीकडच्या घरात सापडतं. आपल्या उदाहरणातला फ्रीजच घ्या. मागच्या किंवा खालच्या काळ्या जाळीवर पीठ आणि धूळ यांचा थर बसला की आतली उष्णता बाहेर पडत नाही, मग कॉम्प्रेसर न थांबता चालत राहतो आणि तापतो. पिठाच्या दुकानात हा थर घरापेक्षा लवकर जमतो. प्लग काढून ती जाळी कोरड्या ब्रशनं झाडायला दहा मिनिटं लागतात. नोव्हेंबरच्या पहिल्या पानावर वरच्या उजव्या घरात लिहायचं : फ्रीजची जाळी, 1 तारीख, दुपारी तीन.